कुरळे केस कोरडे कापायचे की ओले? पार्लरवाली सांगते ते खरं की आपण काही बघून ठरवू शकतो?

रेवाकाठ
भाचीचे केस कुरळे आहेत, पण डोकंभर सारखे नाहीत. पुढे कानशिलाजवळ नुसत्या लाटा, टाळूवर पेन्सिलीला गुंडाळल्यासारखे घट्ट वळ, मानेवर मधलंच काहीतरी. ओले असताना पाठीच्या मध्यापर्यंत येतात, सुकले की खांद्याच्या जरा खाली. आत्ता सगळे एकाच लांबीचे आहेत, त्यामुळे वर चपटे आणि खाली पसरट, देवळातल्या घंटेसारखा आकार होतो. तिला लांबी फार कमी करायची नाही, लेयर हवेत. डिसेंबरात घरात लग्न आहे, म्हणून आत्ताच कापून बसू द्यावेत असा विचार.

इंदुरात पलासियाला एका पार्लरमध्ये विचारलं तर तिथली म्हणाली, ओले करूनच कापणार, चाळीस मिनिटं. विजयनगरला दुसरी म्हणाली, कोरडेच कापायचे असतात, दोन तास लागतील आणि पैसे दुप्पट. दोघींनी एकमेकींच्या पद्धतीला नावं ठेवली. कुठलं पार्लर चांगलं हे मला विचारायचं नाहीये. केसांत नेमकं काय बघितलं की कुठली पद्धत लागू पडेल ते कळतं, एवढंच सांगा.

टोपीवाले_काका
आमच्याकडे ओले की कोरडे हा प्रश्न १५ वर्षांपूर्वी निकाली निघाला. आता फक्त पुसायचे.

सुई_दोरा
साधी गोष्ट आहे ताई. कापड बेतायच्या आधी पाण्यातून काढतात की नाही? न काढता ब्लाउज शिवला तर पहिल्या धुण्यात आटतो आणि मग बाई माझ्या नावाने ओरडते. केसांचंही तेच. ओले करूनच कापायचे, म्हणजे पुढे गडबड नाही. विजयनगरवाली दोन तासांचे पैसे लावतेय, बाकी काही नाही.

अनघा_सुदामानगर
कोरडे केस कापून काही होत नाही, पुन्हा कोरडेच येतात. आठवड्यातून दोनदा कोमट खोबरेल आणि थोडं एरंडेल लावा, महिन्यात फरक पडेल.

कात्रीवाली
अनघाताई, केस कोरडे पडलेत असं नाही, कापताना सुके ठेवायचे की भिजवायचे असा प्रश्न आहे. :)

सुई_दोरा, तुमचं उदाहरण अगदी बरोबर आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. कापड पाण्यातून काढता, मग ओलंच बेतता का? वाळवता, इस्त्री करता आणि आटून झालं की मग कात्री लावता. कुरळा केस ओला असताना आटलेला नसतो, उलट ताणलेला असतो. पाण्याने त्याचं वजन वाढतं, वळ धरून ठेवणारे आतले कच्चे बंध सुटतात आणि तो लोंबतो. त्यात कंगव्याने ओढून दोन बोटांत धरला की आणखी ताणला जातो. सुकताना तेच बंध पुन्हा बसतात आणि केस आखडतो. म्हणून ओल्यावर सरळ रेषेत कापलेले केस सुकल्यावर वेगवेगळ्या उंचीला जाऊन बसतात.

आता मुद्द्याचं. केस किती आखडतात याने पद्धत ठरत नाही. सगळे केस सारखेच आखडत असतील तर ओले कापले तरी चालतं, जास्तीची लांबी धरून कापायचं की झालं. डोक्याच्या वेगवेगळ्या भागांत आखडण्यात किती फरक आहे, त्यावर पद्धत ठरते. आणि हे घरी मोजता येतं.

आदल्या दिवशी केस धुवा, कंडिशनर लावून ओल्यातच रुंद दातांच्या फणीने गुंता काढा, काहीही न लावता मोकळे वाळू द्या. पूर्ण वाळल्यावर शिंप्याची टेप घ्या. कानशिल, टाळूवर भोवऱ्याच्या जवळ, कानामागे आणि मानेवर केस सुरू होतात तिथे, अशा चार ठिकाणी बोटभर जाडीची एकेक बट धरा. मुळापासून टोकापर्यंत हलक्या हाताने सरळ करून माप घ्या, मग सोडून द्या आणि जशी लोंबते तशी पुन्हा मोजा. दोन्ही मापं इथे टाका, मग बोलू.

ग्वाल्हेरकर
म्हणजे ही दोन घराणी आहेत तर. आमच्या ग्वाल्हेर घराण्यात चाळीस मिनिटांत राग मांडून मोकळे होतात. दोन तास एकेका बटेवर रेंगाळायचं हे इंदूरचंच काम, अतिविलंबित.

कात्रीवाली
घराणी खरंच आहेत. या भांडणात जी दोन नावं गाजतात ती न्यूयॉर्कमधल्या दोन सलूनांची. लॉरेन मॅसी यांच्या देवाचानमध्ये एकेक वळ सुका कापायची पद्धत रुजली आणि विदाद यांच्या सलूनमध्ये ओले कापून आतला भार काढायची. दोन्हीकडे कुरळ्यांचीच गिऱ्हाइकं, दोन्हीकडची माणसं खुश. तेव्हा एक पद्धत म्हणजे अडाणीपणा आणि दुसरी म्हणजे शास्त्र, असं कोणी सांगत असेल तर तिथून उठावं.

फवारा
मी ओल्यातच काम करतो, १० वर्षं. कात्रीवालीताईंचं बरंचसं पटतं, पण ‘ओलं म्हणजे ताणलेलं’ हे पटलं नाही. ताण पाण्यापेक्षा हातामुळे जास्त येतो. बारीक कंगवा मारून, बोटांत गच्च धरून, डोक्यापासून नव्वद अंशात उचलून कापलं तर बिघडणारच. पण केसांत कंडिशनर ठेवून, भरपूर पाणी मारून, मुठीत दाबून सोडले की ओल्यातही बटा आपापल्या वळात गोळा होतात. त्या न विंचरता, आहे तिथेच लोंबत ठेवून कापता येतात. माझ्याकडे दाट केसांच्या मुली येतात, ज्यांचे सुके केस हातात मावत नाहीत. त्यांच्या मानेजवळचा थर सुक्यात दिसतच नाही, वरचा फुगारा सारखा मध्ये येतो. तिथे सुकं कापणारे अंदाजाने कात्री चालवतात.

दुसरं म्हणजे खालची कड. एका रेषेत कड हवी असेल तर ओल्यात ती जेवढी स्वच्छ येते तेवढी सुक्यात येत नाही. सुकं कापलेल्या मुलीने कधी हौसेने केस सरळ करून घेतले की खाली उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. मग ती माझ्याकडे येते.

कात्रीवाली
न विंचरता ओलं कापणं ही चांगलीच पद्धत आहे, मान्य. पण किती जण तसं कापतात? आपल्याकडे ‘ओलं’ म्हणजे फवारा, कंगवा, बोटांत पकड आणि खर्र. आणि केस सरळ केल्यावर कड वाकडी दिसते हे खरंच आहे, ते आधीच सांगायला हवं. महिन्यातून दोनदा सरळ करून घेणारीला मी सुकं कापत नाही.

बडोदेकर_मंजिरी
माझ्या मुलाचे केस अगदी बारीक कुरळे आहेत, नऊ वर्षांचा आहे. इथे कोपऱ्यावरच्या दुकानात पाणी मारून मागून मशीन, वरून कात्री. घरी येऊन वाळले की कानाच्या वर एक खाच दिसते, दर वेळी तिथेच. त्यालाही सुकंच कापावं लागेल का?

फवारा
मंजिरीताई, खाच पाण्यामुळे पडत नाही, कानामुळे पडते. कानावरचे केस ओले करून खाली ओढून कापले की मोजमाप कानाच्या फुगीर भागावरून होतं. सोडल्यावर कान तेवढे केस बाहेर ढकलतो, ते आखडतात आणि तिथे भोक दिसतं. दुकानदाराला एवढंच सांगा की कानावर कंगवा दाबू नका, कान वाकवून केस नुसते सोडून द्या आणि तेवढ्या पट्ट्यात अर्धा इंच जास्त ठेवा. मागे मशीनने आखूड करत असतील तर तो भाग ओला असो वा सुका, काही फरक पडत नाही. अर्ध्या इंचाच्या केसाला वळ पडायला फारशी जागा नसते.

बडोदेकर_मंजिरी
हे कोणी सांगितलंच नव्हतं. धन्यवाद. फक्त तो कान वाकवू देईल का ते बघते.

रेवाकाठ
काल मोजलं. भाचीने ‘मावशी, मला ब्लाउज नकोय’ असं दोनदा ऐकवलं. मापं इंचांत:

कानशिल: सरळ करून १६, सोडून १४.
टाळू: सरळ करून १५, सोडून ९.
कानामागे: सरळ करून १५, सोडून ११.
मान: सरळ करून १४, सोडून साडेदहा.

टाळूचं माप मी तीनदा घेतलं, मला खरंच वाटेना.

कात्रीवाली
खरं आहे ते, टाळूवर असं होतं. आता बघा. कानशिलाला १६ मधले २ गेले, म्हणजे आठवा हिस्सा. मानेला आणि कानामागे साधारण पाव हिस्सा. टाळूला १५ मधले ६, म्हणजे १० मागे ४. एकाच डोक्यावर आठव्या हिश्शापासून थेट चाळीस टक्क्यांपर्यंत पसरलंय.

समजा, पलासियाला नेहमीच्या पद्धतीने ओले करून, ताणून, सगळीकडे १० इंचांचा लेयर काढला. खुर्चीतून उठताना एकदम सुरेख दिसेल. घरी वाळल्यावर टाळूवरचा लेयर ६ इंचांवर जाईल, मानेवरचा साडेसातवर, कानशिलाचा पावणेनऊवर. टाळूवर छत्रीसारखं फुगलेलं झाकण आणि खाली लोंबणाऱ्या लाटा, मध्ये स्पष्ट पायरी. घंटा जाऊन मशरूम येईल.

उलटं गणित करा. टाळूवर सुकल्यावर ८ इंच दिसायला हवे असतील तर सरळ केलेली लांबी सव्वातेरा राहायला हवी. आत्ता १५ आहे. म्हणजे कापायला मिळतात फक्त पावणेदोन इंच. त्यातलाही अर्धा इंच मी सोडते, कारण केस कापले की वजन कमी होतं आणि वळ आणखी वर उडतो. राहिला सव्वा इंच. आणि ताणून कापणारा हात टाळूवर पाच इंच सहज घेऊन जातो.

माझा ठोकताळा असा की चार ठिकाणच्या आखडण्यात शंभरामागे १० पेक्षा कमी फरक असेल तर ओलं कापा, बिनधास्त. १० ते १५ मध्ये कारागिराच्या हातावर सोडा. त्याच्या पुढे असेल तर वरचे लेयर सुक्यातच. तुमच्याकडे फरक २७-२८ चा आहे.

सुई_दोरा
ताई, कबूल. मी वाळवून इस्त्री करते हे खरंय. बोलताना तेवढं विसरले.

टोपीवाले_काका
एवढं गणित आमच्या होळकर कॉलेजात असतं तर आम्ही पास झालो असतो.

फवारा
मापं बघून मीही म्हणेन, टाळू सुक्यातच. पण सगळं डोकं सुकं कशाला? मान आणि कानामागे दोन्हीकडे पाव हिस्साच जातोय, म्हणजे मागचा सगळा खालचा पट्टा एकसारखा आहे. मी तिथली कड आधी ओल्यात घेईन, डोकं सरळ, हनुवटी खाली न झुकवता, रुंद फणीने फक्त दिशा देऊन. ठरवलंय त्यापेक्षा अर्धा इंच लांब ठेवून. मग ड्रायरला डिफ्यूझर लावून पूर्ण वाळवून, केसांना हात न लावता, वरचे लेयर एकेक बट बघून. शेवटी कडेला राहिलेले चुकार केस काढायचे. दीड तासात होतं आणि कडही साफ येते.

कात्रीवाली
याला माझी हरकत नाही. फक्त डिफ्यूझरने वाळवताना बाई घाईत असेल तर केस वरून वाळतात आणि मुळाशी ओल राहते. मुळाशी ओलसर असलेला वळ पुढे आखडणार असतो, तो मोजमापात धरलाच जात नाही. मधल्या थरात बोट घालून टाळूच्या कातडीला लावून बघायचं. गार लागलं तर अजून ओलं आहे.

नेहा_तिलकनगर
मध्येच विचारते. सुकं कापताना ती बाई नेमकं काय करतेय हे बघून कळतं का, की येतंय की नुसती हौस? कारण आता सगळीकडे ‘कर्ली कट’चे बोर्ड लागलेत.

कात्रीवाली
कळतं. पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

तिने सुक्या केसांत कंगवा घातला की संपलं. कुरळी बट विंचरली की मोडते, केस सुटे होऊन कापसासारखे पिंजतात आणि मग कुठला केस कुठल्या वळाचा हे देवालाही सांगता येणार नाही. येणारी बाई बोटांनी बटा वेगळ्या करते, एक बट हातात धरते, ओढत नाही, लोंबू देते, आणि टोकाजवळ वळ कसा फिरतोय ते बघते. वेटोळं पूर्ण होऊन आत वळतं तिथे कात्री लावली की कापलेलं टोक वळातच लपतं. वेटोळ्याच्या बाहेरच्या फुगवट्यावर कापलं तर टोक बाहेर काढून उभं राहतं, कितीही जेल लावा. एका बटेवर एक कट, मग हात सोडून मागे सरकून बघणं, मग पुढची. मधून मधून ती मुलीला मान हलवायला सांगते, केस पुन्हा पडू देते.

दुसरी खूण कात्रीची. सुका केस ओल्यापेक्षा कडक असतो, बोथट कात्री तो कापत नाही, चावते. कापलेलं टोक नखावर धरून बघा. सरळ असेल तर ठीक. चिरडल्यासारखं किंवा झाडूसारखं असेल तर महिन्याभरात फाटे फुटणार.

आणि दातेरी थिनिंग कात्री बाहेर आली तर हात धरा. सरळ केसांत ती भार हलका करते. कुरळ्यात मध्येच आखूड झालेले केस आपापले वळ घेतात आणि वरच्या लांब केसांना खालून ढकलतात. फुगारा कमी करायला म्हणून वापरली जाते आणि फुगारा वाढवते. वाढून निघायला वर्ष जातं.

फवारा
थिनिंग कात्रीबद्दल शंभर टक्के. रेझरही त्यातच धरा.

नेहा_तिलकनगर
रेझर मला कोणीतरी ‘टेक्स्चरसाठी’ म्हणून सुचवला होता. बरं झालं विचारलं.

अनघा_सुदामानगर
मग कापायच्या आधी तेल लावून जायचं की नाही?

कात्रीवाली
या वेळी प्रश्न बरोबर जागी आला. :) नाही, अजिबात नाही. तेलाने वळ जड होऊन खाली उतरतो, टाळूचे ९ इंच १० दिसतात आणि तेवढं जास्त कापलं जातं. आदल्या दिवशी शाम्पू, कंडिशनर. त्यानंतर क्लचर नाही, वेणी नाही, अंबाडा घालून झोपणं नाही. रबराचा एक दाब पडला तरी त्या जागी वळ सपाट होतो आणि ती बट उगाच लांब दिसते. भांग रोज जिथे पाडता तिथेच पाडून जायचं. हलकं जेल लावून जावं की काहीच नाही, यावर मतभेद आहेत. मी काही न लावलेले केस मागते, कारण जेलने वळ आहे त्यापेक्षा जास्त शिस्तीत दिसतात. काही जणी म्हणतात की रोज जसे ठेवता तसेच या. दोन्हीत तथ्य आहे.

मीनाक्षी_राऊ
बोअरिंगच्या पाण्याचाही परिणाम होतो का? आमच्या कॉलनीत एक दिवस नर्मदा, एक दिवस बोअरिंग. बोअरिंगच्या दिवशी केस दोरीसारखे होतात.

फवारा
होतो. जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, केस राठ होतो, बटा नीट गोळा होत नाहीत. त्याने कापायची पद्धत बदलत नाही, पण माप फसतं. ज्या पाण्याने रोज धुता त्याच पाण्याने धुऊन मोजा आणि कापायलाही तसेच जा. पार्लरच्या बेसिनला फिल्टरचं पाणी असेल तर तिथे वळ वेगळे दिसतात, घरी वेगळे. आणि जुलै-ऑगस्टात मोजलेलं माप एप्रिलला लावू नका. पावसाळ्यात हवेतली ओल शोषून केस जास्त आखडतात आणि फुगतात. इंदूरचा उन्हाळा इतका कोरडा की तीच बट मे महिन्यात थोडी लांब दिसते.

मीनाक्षी_राऊ
म्हणजे लग्न डिसेंबरात असेल तर पावसाळ्यात कापू नये?

फवारा
कापावं, पण टाळूवर हात राखून.

चिमणी_लोकमान्यनगर
रेवाकाठ, एक विचारू? भाची पुढचे केस प्रेस करते का? सगळीकडे वळ आणि फक्त कानशिलाला आठवा हिस्सा, हे मला जरा विचित्र वाटतंय. पुढचे केस जात्याच सैल असू शकतात, पण आरशात दिसणाऱ्या बटांवरच मशीन जास्त फिरतं.

रेवाकाठ
करायची. कॉलेजच्या दोन वर्षांत जवळजवळ रोज, फक्त पुढचे. सहा महिन्यांपूर्वी बंद केलं. हे सांगायला हवं होतं का?

कात्रीवाली
चिमणीताई, तुम्ही नेमकं पकडलंत, माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रेवाकाठ, आज रात्री कानशिलाची ती बट पाण्याने चिंब करा, हात न लावता वाळू द्या आणि मुळाजवळचे तीन इंच बघा. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो, म्हणजे प्रेस बंद केल्यानंतरचे तेवढेच आलेत. ते तीन इंच टाळूसारखे वळले आणि खालचे सरळ लोंबले, तर ती लाट तिच्या केसाची नाही, उष्णतेने मोडलेल्या वळाची आहे. पूर्ण केस मुळापासून टोकापर्यंत एकसारखा लाटेत असेल तर जन्मजात.

रेवाकाठ
केलं. मुळाजवळ छान वळ आलेत, अगदी स्प्रिंगसारखे. त्यानंतर हळूहळू सैल, आणि शेवटचे चार-पाच इंच तर सुतळीसारखे सरळ. फाटेही बरेच.

कात्रीवाली
मग माझं वरचं गणित पुढच्या बाजूला लागू होत नाही. टाळू आणि मागचं तसंच राहू द्या, पण कानशिलाचा आकडा खोटा आहे. तो आज १४ दिसतो, कारण वळ मेलाय. नवा केस येत जाईल तसा तो भाग वर उचलला जाईल. आज डोळ्याला जुळेल असा पुढचा लेयर सुक्यात कापला तर आज परफेक्ट दिसेल, आणि दीड वर्षाने पुढचे केस मागच्यांपेक्षा आखूड दिसतील. सुकं कापण्याचं हेच एक मोठं दुखणं आहे. ते आजचं रूप बघतं, केसाचा उद्या बघत नाही.

म्हणून पुढे डोळ्याला बरोबर वाटेल त्यापेक्षा इंच-दीड इंच लांब ठेवायचं. फाटे फुटलेलं टोक तेवढं काढायचं, आणि दर दोन-अडीच महिन्यांनी एकेक इंच खालून कमी करत जायचं.

फवारा
मी उलट सांगेन. ते सरळ चार-पाच इंच एकदमच काढा. सुतळी झालेलं टोक वरच्या वळालाही खाली ओढतं, गुंता तिथूनच सुरू होतो, आणि फाटे वर चढत जातात. डिसेंबरपर्यंत तेवढे दोन इंच वाढतीलच.

कात्रीवाली
एकदम काढले तर पुढे अकरा इंच सरळ माप उरेल, त्यातले तीन-चार पूर्ण वळाचे. लग्नात पुढचे केस हनुवटीच्या जरा खाली आणि मागचे खांद्याखाली. तिला लांबी कमी करायची नाही म्हणाल्यात ना?

फवारा
लग्नात अंबाडाच घालणार. घंटेचा आकार, लांबी, लेयर सगळं एका गजऱ्याखाली.

चिमणी_लोकमान्यनगर
हा मुद्दा आवडला.

रेवाकाठ
भाचीला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणते, पुढचे केस हळूहळू, एकदम नाही. आणि लग्नात अंबाडा घालणार नाही, मोकळेच सोडणार, ‘म्हणून तर कापतेय’.

आता माझं तेवढं पक्कं करून द्या. विजयनगरला जाऊ आणि बसायच्या आधी काय बोलू?

कात्रीवाली
विजयनगरच असं नाही. दोन्हीकडे जाऊन एकच गोष्ट सांगा: ‘टाळूचे केस १५ चे ९ होतात, पुढचे प्रेसने सरळ झालेत, तुम्ही कुठून सुरू कराल?’ चांगली कारागीर उत्तर द्यायच्या आधी केसांना हात लावेल, एखादी बट ओढून सोडून बघेल, पुढची मुळं बघेल. पलासियाची असं करून म्हणाली की कड ओल्यात घेते आणि वर सुकवून बघते, तर तिच्याकडेच बसा, पैसेही वाचतील. विजयनगरची हात न लावता ‘आम्ही सगळं सुकंच कापतो’ म्हणाली तर तिथेही थांबा. आणि दोघींना विचारा, कापून झाल्यावर वाळवून पुन्हा कात्री घेणार का? ‘घरी वाळतील’ असं उत्तर आलं की उठा.

फवारा
आणि पहिल्या बैठकीत टाळूवर सव्वा इंचाच्या वर कोणाला हात लावू देऊ नका. कमी कापलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा जाता येतं.

रेवाकाठ
हे सगळं कागदावर लिहून घेतलंय. शनिवारी जाणार.

अनघा_सुदामानगर
शुक्रवारी रात्री तेल लावू देऊ नका तिला.

रेवाकाठ
नाही लावत, काकू. :)

टोपीवाले_काका
दोन तास बसणार असाल तर आधी छप्पन दुकानला पोहे खाऊन जा. आणि ते केस टेपने मोजायचं काम भाचीच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर करू नका.

रेवाकाठ
काका, लग्न तिच्या भावाचं आहे.